पॅराबोलाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका: समान मुळांची अट कुठे लावायची आणि कुठे नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. पॅराबोलाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायचं उदाहरण दिलं, की दरवर्षी वह्यांत तीच चूक दिसते. रेषा नीट मांडलेली असते, विवेचक शून्य केलेला असतो, त्यातून रेषेच्या चढाचं, म्हणजे m चं, वर्गसमीकरणही बरोबर आलेलं असतं. आणि तिथं मूल थबकतं. 'स्पर्शिका म्हणजे समान मुळं' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून ते या दुसऱ्या समीकरणाचाही विवेचक काढतं, तो 64 येतो, 64 काही शून्य नाही, आणि शेवटी लिहून टाकतं: 'स्पर्शिका नाहीत.' समोर दोन स्पर्शिका उभ्या असतात.

त्यात भर म्हणजे दहावीला मराठी माध्यमात 'विवेचक' शिकलेली मुलं अकरावीला विज्ञान शाखेत आली की तोच 'डिस्क्रिमिनंट' होतो, आणि पुष्कळांना ही दोन वेगळी प्रकरणं वाटतात. एकच आहे ते: b² − 4ac. या लेखात मी त्याला विवेचक किंवा Δ म्हणेन.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

पॅराबोला: y = x² − 2x + 3
बिंदू: P(2, −1)

P मधून या पॅराबोलाला जाणाऱ्या स्पर्शिका आणि त्यांचे स्पर्शबिंदू काढायचे आहेत.

## तयारी: आलेखाचा कागद, टाचणी आणि पट्टी

पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाला मी हे हातानं करायला लावतो. आलेखाच्या कागदावर x = −1 पासून 5 पर्यंत बिंदू घ्या: (−1, 6), (0, 3), (1, 2), (2, 3), (3, 6), (4, 11), (5, 18). y-अक्षावर प्रमाण थोडं लहान ठेवा, नाहीतर 18 कागदाबाहेर जाईल. वक्र काढा. मग P(2, −1) वर टाचणी टोचा आणि पारदर्शक पट्टीची कड टाचणीला टेकवून पट्टी हळूहळू फिरवा.

पट्टी खूप उभी असताना तिची कड वक्राला दोन ठिकाणी छेदते. ती आडवी करत आणली की ते दोन छेदनबिंदू एकमेकांकडे सरकू लागतात. एका क्षणी दोन्ही एकाच जागी येऊन मिळतात. आणखी जराशी आडवी केली की पट्टी वक्रापासून सुटते. तो मिळण्याचा क्षण म्हणजे स्पर्शिका.

आता हेच आकड्यांत. P मधून चढ 7 असलेली रेषा घेतली तर ती पॅराबोलाला x = 3 आणि x = 6 इथं छेदते. चढ 6 घेतला तर x = 4 आणि पुन्हा x = 4. चढ 5 घेतला तर छेदनबिंदूच नाही. म्हणजे 7 ला दोन मुळं, 6 ला एकच मूळ दोनदा, 5 ला वास्तव मूळ नाही. 'समान मुळांची अट' म्हणतात ती हीच, आणि ती x च्या मुळांची आहे. हे x अधोरेखित करून ठेवा, पुढचा सगळा गोंधळ याच्यावरून होतो.

वहीच्या समासात तीन ओळी लिहून मगच सुरुवात करा:

x = छेदनबिंदू कुठे आहे ते सांगणारा चल
m = रेषेचा चढ, जो आपल्याला शोधायचा आहे
(2, −1) = दिलेले आकडे, हे बदलत नाहीत

एकदा कागलहून बसनं येणारी एक मुलगी फळ्याकडं बघत म्हणाली, "सर, पण m बी अज्ञात आणि x बी अज्ञात, मग आधी कुणाला धरायचं?" प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असं: आधी x ला धरायचं आणि m ला आकडा असल्यासारखं वागवायचं. x चं काम संपलं की तो बाजूला होतो आणि मग m ची पाळी येते. दोघांना एकाच वेळी सोडवायला गेलं की गाडी घसरते.

## टप्पा १: बिंदू खरंच बाहेर आहे का

P चा x-निर्देशक पॅराबोलात घाला. x = 2 ठेवल्यावर y = 4 − 4 + 3 = 3. म्हणजे x = 2 या उभ्या रेषेवर वक्र 3 या उंचीवर आहे आणि आपला बिंदू −1 वर. पॅराबोला वर उघडतो, बिंदू वक्राच्या खाली आहे, म्हणून तो बाहेर आहे. दोन स्पर्शिका मिळणार.

हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बिंदू (2, 5) असता तर तो वक्राच्या पोटात गेला असता आणि एकही स्पर्शिका मिळाली नसती. बिंदू (2, 3) असता तर तो वक्रावरच बसला असता आणि एकच मिळाली असती. उत्तर किती यायला हवीत हे आधी कळलं, की शेवटी एकच आलं तर कुठेतरी चुकलंय हे आपोआप समजतं.

सावधान: पॅराबोला खाली उघडणारा असेल तर उलटं धरायचं. तिथं वक्राच्या वरचा बिंदू बाहेरचा.

## टप्पा २: रेषा P मधूनच मांडा

बरीच मुलं सवयीनं y = mx + c लिहितात आणि मग m आणि c असे दोन अज्ञात घेऊन बसतात. तसंही चालतं, पण c साठी नंतर P चे निर्देशक घालायचे राहून जातात. मग विवेचकाच्या समीकरणात m आणि c दोन्ही उरतात आणि पुढं काय करायचं ते सुचत नाही. म्हणून रेषा सुरुवातीलाच P ला बांधून टाका:

y − (−1) = m(x − 2)
y = mx − 2m − 1

तपासा: x = 2 घाला. y = 2m − 2m − 1 = −1. m काहीही असो, रेषा P मधून जातेच. हे जुळलं नाही तर पुढं एक पाऊलही टाकू नका. इथं बहुतेक वेळा −1 चं +1 झालेलं असतं, कारण y − (−1) मधलं दुहेरी ऋण चिन्ह घाईत निसटतं.

## टप्पा ३: दोन्ही समीकरणं एकत्र आणा

छेदनबिंदूवर दोघांचा y सारखाच असतो:

x² − 2x + 3 = mx − 2m − 1

सगळं डावीकडं आणा आणि x च्या घातांप्रमाणे गट करा:

x² − 2x − mx + 3 + 2m + 1 = 0
x² − (2 + m)x + (4 + 2m) = 0

इथं थांबा. पुढची ओळ लिहिण्याआधी तीन सहगुणक वेगळे काढून लिहा. मी हे सक्तीनं करायला लावतो, कारण मार्क सगळ्यात जास्त इथंच जातात.

A = 1
B = −(2 + m)
C = 4 + 2m

चुका ठरलेल्या असतात. −2x − mx मधून ऋण चिन्ह बाहेर काढताना B = −(2 − m) होतं. किंवा C मध्ये फक्त 4 लिहिलं जातं आणि 2m 'm वाली पदं' म्हणून वेगळं पडतं. लक्षात ठेवा, या टप्प्यावर m हा आकडाच आहे. ज्या पदात x नाही ते सगळं C मध्ये, मग त्यात m असो वा नसो.

तपासा: m ला एखादी सोपी किंमत द्या, समजा m = 7. समीकरण x² − 9x + 18 = 0 होतं, म्हणजे (x − 3)(x − 6) = 0. आलेखावर पट्टी चढ 7 ला ठेवली तर ती (3, 6) आणि (6, 27) मधून जायला हवी. (3, 6) तुमच्या कागदावर आहेच, तिथून पट्टी जाते का बघा. जात असेल तर मांडणी बरोबर.

## टप्पा ४: x च्या विवेचकाला शून्य करा

अट इथं लावायची, आणि फक्त इथंच.

Δ = B² − 4AC = 0
(2 + m)² − 4(1)(4 + 2m) = 0
m² + 4m + 4 − 16 − 8m = 0
m² − 4m − 12 = 0

B चा वर्ग होत असल्यामुळे त्याचं ऋण चिन्ह इथं नाहीसं होतं. म्हणून B च्या बाहेरचं चिन्ह चुकलं तरी या ओळीपर्यंत काहीच कळत नाही, उत्तरही बरोबर येऊ शकतं. त्याचा फटका पुढं स्पर्शबिंदू काढताना बसतो.

ही ओळ लिहून झाली की x चं काम तात्पुरतं संपलं. समीकरणात x कुठं दिसतोय का बघा. दिसत असेल तर विवेचक काढताना सहगुणकांच्या जागी अख्खी पदं घातली आहेत.

## टप्पा ५: m चं समीकरण सोडवा, आणि त्याला अट लावू नका

m² − 4m − 12 = 0
(m − 6)(m + 2) = 0
m = 6 किंवा m = −2

सुरुवातीला सांगितलेली चूक इथंच होते. या समीकरणाचा विवेचक 16 + 48 = 64 आहे. तो शून्य नाही आणि नसायलाच हवा. कारण हे समीकरण 'किती स्पर्शिका आहेत' एवढंच सांगतं. धन आला तर दोन चढ, शून्य आला तर एक चढ, ऋण आला तर एकही नाही.

टप्पा १ मधले बाकीचे दोन बिंदू घालून बघितलं की हे डोळ्यांसमोर येतं. (2, 3) हा वक्रावरचा बिंदू घेतला तर m चं समीकरण m² − 4m + 4 = 0 येतं, म्हणजे (m − 2)² = 0. चढ एकच, 2. आतला (2, 5) घेतला तर m² − 4m + 12 = 0, विवेचक −32, एकही चढ नाही. म्हणजे दुसऱ्या विवेचकाला शून्य करायचा आग्रह धरणं म्हणजे 'बिंदू वक्रावरच आहे' असं जबरदस्तीनं म्हणणं. आपला बिंदू तर बाहेर आहे.

सावधान: m चं समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना m असलेल्या एखाद्या पदानं कधी भागू नका. काही उदाहरणांत Δ = 0 ची ओळ (m − 1)² − 8(m − 1) = 0 अशी येते. मुलं 'm − 1 दोन्हीकडं आहे' म्हणून छेदून टाकतात, m − 1 = 8 लिहितात, आणि m = 1 वाली स्पर्शिका कायमची जाते. m − 1 सामाईक काढा, मग दोन्ही चढ हातात राहतात: 1 आणि 9.

## टप्पा ६: स्पर्शबिंदू

आता x ला परत बोलवायचं. मूळ समान आहे, म्हणून वर्गमुळाचा भाग शून्य आणि

x = −B / 2A = (2 + m) / 2

m = 6 साठी x = 4, आणि y = 16 − 8 + 3 = 11. स्पर्शबिंदू (4, 11).
m = −2 साठी x = 0, आणि y = 3. स्पर्शबिंदू (0, 3).

टप्पा ३ मध्ये B चं चिन्ह चुकलं असेल तर इथं x = −4 येतो. y पॅराबोलातून काढला तर तो 27 येतो आणि सगळं बरं दिसतं, पण (−4, 27) हा बिंदू m = 6 च्या रेषेवर बसत नाही. म्हणून y दोन्हीकडून काढायची सवय लावा, एकदा पॅराबोलातून आणि एकदा रेषेतून.

## टप्पा ७: समीकरणं लिहा आणि पडताळा

m = 6: y = 6x − 13
m = −2: y = −2x + 3

पहिल्या रेषेत x = 4 घाला, 24 − 13 = 11, जुळलं. दुसरीत x = 0 घाला, 3, जुळलं.

याशिवाय एक झटपट तपासणी आहे, ती मुलांना फार आवडते. उभ्या पॅराबोलासाठी दोन्ही स्पर्शबिंदूंच्या x-निर्देशकांची सरासरी नेहमी बाहेरच्या बिंदूच्या x एवढी येते. इथं (4 + 0)/2 = 2, आणि P चा x सुद्धा 2. सरासरी जुळली नाही तर कुठंतरी चूक आहे, हे दहा सेकंदांत कळतं. मात्र दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, म्हणून ही तपासणी पडताळ्याच्या जोडीला करायची, त्याच्याऐवजी नाही.

## विकलन वापरून चढ काढला तर कुठं चुकतं

विकलन शिकलेली मुलं विचारतात, "सर, y' = 2x − 2, त्यात x = 2 घातला की चढ 2 आला की! एवढं सगळं कशाला?"

रेषा लिहून बघा. P मधून चढ 2 ची रेषा y = 2x − 5. पॅराबोलाशी मिळवली की x² − 4x + 8 = 0 येतं आणि विवेचक 16 − 32 = −16. रेषा वक्राला शिवतच नाही. कारण 2x − 2 मध्ये स्पर्शबिंदूचा x घालायचा असतो, आणि P हा स्पर्शबिंदू नाही, तो तर वक्रावरही नाही.

पण ते 2 अगदीच वाया जात नाही. आपले दोन चढ 6 आणि −2, त्यांची सरासरी 2. हा योगायोग नाही. P च्या बरोबर वर वक्रावर जो बिंदू आहे तिथला चढ 2 आहे, आणि दोन स्पर्शिकांचे चढ त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असतात: 2 + 4 आणि 2 − 4. y = ax² + bx + c या प्रकारच्या कुठल्याही पॅराबोलाला हे लागू आहे. म्हणून चढांचीही तपासणी एका ओळीत होते. उत्तर म्हणून मात्र ते 2 लिहायचं नाही.

## आडवा पॅराबोला: एक स्पर्शिका हरवते तेव्हा

इथं थोडं जास्त थांबायला हवं, कारण पद्धत तशीच्या तशी चालवली तरी उत्तर अपुरं येतं आणि कुठंही चूक दिसत नाही.

पॅराबोला: y² = 8x
बिंदू: Q(0, 3)

टप्पा १: उजवीकडं उघडणारा पॅराबोला. y = 3 या उंचीवर वक्राचा x = 9/8 आहे, Q चा x = 0, म्हणजे Q डावीकडं, वक्राच्या बाहेर. दोन स्पर्शिका मिळायला हव्यात.

नेहमीप्रमाणे y = mx + 3 घेऊ:

(mx + 3)² = 8x
m²x² + (6m − 8)x + 9 = 0
Δ = (6m − 8)² − 36m² = −96m + 64 = 0
m = 2/3

एकच! m² ची पदं एकमेकांत गेली आणि समीकरण साधं एकघाती राहिलं. बरीच मुलं इथंच 'एकच स्पर्शिका' लिहून पुढच्या उदाहरणाला जातात. टप्पा १ केलेला असेल तरच ती थांबतात आणि दुसरी शोधायला लागतात.

दुसरी स्पर्शिका आहे x = 0, म्हणजे खुद्द y-अक्ष. ती वक्राला शिरोबिंदूपाशी शिवते आणि Q मधूनही जाते. पण ती उभी रेषा आहे, तिला चढ नसतो, म्हणून y = mx + 3 च्या जाळ्यात ती कधी सापडणारच नव्हती.

सावधान: याच समीकरणात m = 0 घाला. −8x + 9 = 0 उरतं, x ला एकच उत्तर. म्हणून काही जण m = 0 ची रेषा, म्हणजे y = 3, दुसरी स्पर्शिका म्हणून लिहितात. आलेख काढा: ती रेषा वक्राला (9/8, 3) इथं आरपार छेदून आत जाते. तिथं x² चा सहगुणकच शून्य झाला, वर्गसमीकरण राहिलंच नाही, मग समान मुळं कुठून येणार? 'एकच छेदनबिंदू' आणि 'समान मुळं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅराबोलाच्या अक्षाला समांतर असलेली प्रत्येक रेषा त्याला एकदाच छेदते आणि त्यातली एकही स्पर्शिका नसते. आपल्या पहिल्या उदाहरणात x = 2 ही उभी रेषा तशीच आहे, ती वक्राला फक्त (2, 3) मध्ये भेटते.

उपाय सोपा आहे. पॅराबोला आडवा असेल तर रेषाही आडव्या बाजूनं लिहा:

x = n(y − 3) + 0

म्हणजे x = ny − 3n. आता y² = 8x मध्ये घाला:

y² − 8ny + 24n = 0
Δ = 64n² − 96n = 0
32n(2n − 3) = 0
n = 0 किंवा n = 3/2

दोन्ही आल्या. n = 0 म्हणजे x = 0, स्पर्शबिंदू (0, 0). n = 3/2 साठी y = 4n = 6 आणि x = 36/8 = 4.5, स्पर्शबिंदू (4.5, 6). y² चा सहगुणक 1 आहे, तो कधी शून्य होत नाही, म्हणून y = 3 सारखी फसवी रेषाही इथं येत नाही. सरासरीची तपासणी आता y वर करायची: (0 + 6)/2 = 3, Q चा y. जुळलं.

मी मुलांना एवढंच लिहून ठेवायला सांगतो: बाहेरचा बिंदू (h, k) धरला, तर समीकरणात x² असेल तर y = m(x − h) + k, आणि y² असेल तर x = n(y − k) + h. बाकी सगळे टप्पे तेच.

## चढ शून्य आला म्हणून उत्तर खोडू नका

खाली उघडणारं एक उदाहरण. कारंज्याच्या पाण्याची धार y = 4x − x² या आकारात उडते, x आणि y दोन्ही मीटरमध्ये, धार x = 0 ला निघते आणि x = 4 ला परत पडते. (0, 4) या बिंदूतून, म्हणजे तोटीच्या बरोबर वर चार मीटरवरून, धारेला स्पर्शिका काढायच्या.

रेषा y = mx + 4. मिळवून सगळं एका बाजूला आणलं की x² + (m − 4)x + 4 = 0. विवेचक (m − 4)² − 16 = 0, म्हणून m − 4 = 4 किंवा −4, म्हणजे m = 8 किंवा m = 0.

m = 0 दिसला की पुष्कळ हात आपोआप त्यावर काट मारतात. तो खरा आहे. y = 4 ही आडवी रेषा धारेला तिच्या सर्वोच्च बिंदूला, (2, 4) ला शिवते. उलट m = 8 चा स्पर्शबिंदू (−2, −12) येतो. बीजगणितात तो बरोबर आहे, सरासरीही (2 − 2)/2 = 0 जुळते. पण पाणी x = 0 ते 4 एवढंच आहे. पूर्ण पॅराबोलाला विचारलं असेल तर दोन्ही स्पर्शिका लिहा. धारेपुरतं विचारलं असेल तर फक्त y = 4. प्रश्न नीट वाचल्याशिवाय यातली एक खोडू नका.

## चढ करणीत आला तर

पहिल्याच पॅराबोलाला (1, 0) मधून स्पर्शिका काढा. m² − 8 = 0 येतं, m = ±2√2. इथं 2.83 लिहू नका. दशांश घेऊन स्पर्शबिंदू काढला आणि पडताळा केला तर दोन्ही बाजू थोड्याशा हुकतात आणि मुलाला वाटतं उत्तर चुकलं. करणी तशीच ठेवा: x = 1 ± √2, आणि y = (x − 1)² + 2 = 2 + 2 = 4. दोन्ही स्पर्शबिंदू एकाच उंचीवर आहेत, कारण (1, 0) हा बिंदू पॅराबोलाच्या अक्षावरच आहे.

## हातानं करायची दोन उदाहरणं

टप्पे १ ते ७ क्रमानं लिहूनच करा, मग उत्तराशी ताडून बघा.

पहिलं: y = 2x² + x + 1, बिंदू (1, 2). x² चा सहगुणक 1 नाही, म्हणून 4AC मध्ये 8 येतो. टप्पा ५ मधली (m − 1) नं भागण्याची जागा इथंच लागते. उत्तर: m = 9, y = 9x − 7, स्पर्शबिंदू (2, 11); आणि m = 1, y = x + 1, स्पर्शबिंदू (0, 1). B चं चिन्ह चुकलं असेल तर पहिला स्पर्शबिंदू x = −2 ला दाखवेल.

दुसरं: y² = 12x, बिंदू (−1, 2). रेषा x = n(y − 2) − 1 अशी घ्या. Δ = 0 पासून 3n² − 2n − 1 = 0 मिळायला हवं. हे आलं नाही तर बहुधा C मध्ये 24n लिहून 12 विसरला आहात, कारण −1 ला 12 नं गुणून तो डावीकडं आणायचा राहतो. उत्तर: n = 1, x = y − 3, स्पर्शबिंदू (3, 6); आणि n = −1/3, 3x + y + 1 = 0, स्पर्शबिंदू (1/3, −2). y ची सरासरी (6 − 2)/2 = 2.